बाबांना पत्र लिहिलंय, पाठवण्याआधी वाचून सांगाल का?

केळफूल
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा देवरुखजवळच्या एका वाडीत राहतात. वय ७४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. आई गेल्या माघात गेली. तेव्हापासून घरात एकटेच. मी पुण्यात धायरीला. घरात आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि वर्षातले सहा महिने सासूबाई. भाऊ डोंबिवलीला एका खोलीच्या घरात, त्याची दोन्ही मुलं शाळेत.

बाबांना आमच्याकडे राहायला बोलवायचंय. फोनवर विषय काढला की "बरं बरं, बघू, ठेव आता" एवढ्यावर संपतो. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे अर्ध्या गोष्टींना न ऐकताच हो म्हणतात. कागदावर लिहिलेलं मात्र तीनदा वाचतात. म्हणून पत्र. मसुदा खाली देतेय. खटकलं तर मोकळेपणाने सांगा.

*तीर्थस्वरूप बाबांस,*
*साष्टांग नमस्कार वि. वि.*
*गणपतीत निघताना मी मुद्दामच काही बोलले नाही. तुम्ही बेड्यापर्यंत आलात आणि गाडी वळेपर्यंत उभे होतात, ते आरशात दिसत होतं. जळलेलं दुधाचं पातेलं तुम्ही चुलीमागे लपवलं होतंत, तेही मी पाहिलं.*
*आम्हाला तुमची फार काळजी वाटते. आता या वयात तुम्हाला एकट्याला जमणार नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर जवळ कोण आहे? तेव्हा आता कायमचे आमच्याकडे राहायला या. यांची काही हरकत नाही. अभ्यासाची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. इथे तुम्हाला काहीही करावं लागणार नाही, नुसता आराम करायचा. घराचं काय करायचं ते नंतर बघू. दादाशी बोलले आहे. दिवाळीला न्यायला येऊ, सामान बांधून ठेवा.*

खवचट
पत्र? पोस्टमन अजून येतो का तुमच्या वाडीत? व्हॉट्सअ‍ॅप करा, निळ्या खुणा तरी दिसतील.

केळफूल
@खवचट, येतो. आणि बाबांचा फोन बटणांचा आहे.

मंजिरी_पी
आरशातल्या वाक्याला डोळे भरून आले. काही बदलू नकोस गं, असंच टाक पेटीत.

निवृत्त गुरुजी
ताई, मी स्वतः ७१ वर्षांचा, प्राथमिक शिक्षक म्हणूनच निवृत्त झालेलो. तेव्हा हे पत्र तुमच्या वडिलांच्या जागी बसून वाचलं.

पहिली गोष्ट, जन्मदात्याला ‘तीर्थरूप’ लिहितात. ‘तीर्थस्वरूप’ इतर वडीलधाऱ्यांना. म्हणजे पहिल्याच ओळीत तुम्ही बापाला चुलता करून टाकलात. तुमचे वडील शिक्षक असतील तर पुढचं वाचायच्या आधी तांबडी पेन्सिल शोधतील.

दुसरी गोष्ट, "सामान बांधून ठेवा" वाचून मला माझ्या बदलीच्या आदेशाची आठवण झाली. तीस-पस्तीस वर्षं आम्ही असेच कागद वाचत आलो. अमुक तारखेस हजर व्हावे. त्यात विचारलेलं काहीच नसतं, फक्त कळवलेलं असतं. तुमच्या पत्रात एकच प्रश्नचिन्ह आहे आणि तेही "जवळ कोण आहे?" या ठिकाणी. म्हणजे एकुलता एक प्रश्न विचारलात तोही भीती घालायला. राग मानू नका.

केळफूल
राग कसला, गुरुजी. प्रश्नचिन्हं मोजली. खरंच एकच आहे.

सातबारा
गुरुजींशी सहमत, पण माझ्या मते सगळ्यात घातक वाक्य वेगळंच आहे. "घराचं काय करायचं ते नंतर बघू."

मी महसुलात नोकरी केली. आमच्या तालुक्यात एक आजोबा होते. मुलीकडून गावी आले की दर वेळी आधी तलाठी कार्यालयात यायचे, आपला उतारा काढायचे, चष्मा पुसून सगळी नावं वाचायचे आणि घडी करून खिशात ठेवून मगच घरी जायचे. मुलगी चांगली होती, जावईही सरळ होता. पण निघताना कुणीतरी त्यांना "नंतर बघू" म्हटलं होतं. म्हाताऱ्या माणसाला ‘नंतर बघू’चा अर्थ ‘विकू’ असाच ऐकू येतो.

घर कुणाच्या नावावर आहे?

केळफूल
आजोबांचं होतं. आता बाबा आणि दोन काकांची नावं आहेत. विकण्याचा विचार आमच्या स्वप्नातही नाही.

सातबारा
मग तसं लिहा. स्वच्छ शब्दांत. "घर आहे तसंच राहील, किल्ली तुमच्याकडे राहील, वाटेल तेव्हा परत जाता येईल." हे तुम्ही गृहीत धरलंय, त्यांनी धरलेलं नाही. परत जायची वाट मोकळी आहे असं दिसलं की माणूस निघायला तयार होतो.

ठाम मत
सगळे पत्राच्या भाषेत अडकलेत. मूळ प्रश्न असा, की मुलगा असताना मुलीने हे का करावं? कायद्यानेही आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाचीच असते, लग्न झालेल्या मुलीवर नसते. उद्या भावाशी संबंध बिघडतील. आधी भावाला विचारा.

सातबारा
@ठाम मत, भावाला विचारा हे बरोबर. कायद्याचं चूक. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, असाच निकाल लागला.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगून थांबतो. सांभाळतोय म्हणून वडिलांचा हिस्सा बक्षीसपत्राने लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. आणि कधी कुणी लिहून दिलंच, तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द त्या दस्तातच हवेत. त्या कायद्याचं २३वं कलम न सांभाळणाऱ्याकडून मालमत्ता परत मिळवून देतं. पण दस्तात अट नसेल तर प्रांताच्या कचेरीत त्यावरच वाद सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अट असलीच पाहिजे म्हटलं. २०२५ मध्ये जरा उदार नजरेने बघितलं. आपण त्या पायऱ्या चढूच नयेत.

ठाम मत
बरं, कायद्याचं मागे घेतो. पण समाज काय म्हणेल हे कुठल्या कलमात आहे?

जास्वंद
आमच्या आजीचे वडील लेकीच्या घरचं पाणीही प्यायचे नाहीत. तांब्या घरून आणायचे. ती पिढी गेली, पण घोट अजून अडतोच. म्हणून मला "यांची काही हरकत नाही" हे वाक्य फार टोचलं. हरकत नाही हे ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर असतं. सासऱ्याला जावयाकडून ‘ना हरकत’ नकोय, बोलावणं हवंय. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही. त्याच्या अक्षरात. भले चार चुका असू देत.

केळफूल
जास्वंद, त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, मी कॉलेजनंतर मराठीत सही सोडून काही लिहिलेलं नाही. पण लिहितो म्हणालाय.

रालेकर
आम्ही बाबांना इथे नॉर्थ कॅरोलायनाला आणलं होतं. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांचा शिक्का मिळाला. तुम्ही कुठला व्हिसा घेताय? विमा निघण्याआधीच काढा, आधीपासूनच्या दुखण्यांना बहुतेक विमे हात लावत नाहीत.

खवचट
देवरुख ते धायरी, व्हिसा लागत नाही. टोल लागतो.

रालेकर
अरेच्चा, घाईत वाचलं. पण आता लिहितोच आहे तर पुढचंही लिहितो, कारण ते धायरीलाही लागू पडेल.

आम्हीही बाबांना हेच सांगितलं होतं, की काही करायचं नाही, आराम करायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी आराम केला. दुसऱ्या आठवड्यापासून ते खिडकीशी बसून शेजाऱ्याच्या गाड्या मोजायला लागले. संध्याकाळी मी आलो की सांगायचे, आज सतरा गेल्या. घरात दुधाची पिशवी आणायचं कामसुद्धा उरलेलं नव्हतं, कारण दुकान गाडीशिवाय गाठता येत नव्हतं. तीन महिन्यांनी म्हणाले, मला परत पाठव, मी तिथे निदान नळाला पाणी आलं की बघतो.

तुमच्या वडिलांचा गावातला दिवस कसा असतो, तो एकदा तासातासाने लिहून काढा.

केळफूल
@रालेकर, तुमच्या सतरा गाड्या डोक्यातून जात नव्हत्या. काल लिहून काढला.

पाचला उठतात. चहा स्वतः करतात. फुलं काढतात, पूजा. सातला पोफळीत पाणी सोडायचं, पडलेली झावळं ओढायची. नऊला सड्यावरच्या कलमांकडे चक्कर, कलमं करारावर दिली आहेत तरीही. दहाला वाचनालय, तिथे तीन पेपर आणि चार मित्र. जेवण शेजारची काकू डब्यात देते, रात्रीचा भात स्वतः लावतात. दुपारी झोप. चारला पडवीत दोन मुलं शुद्धलेखनाला येतात, फुकट. संध्याकाळी देवळात.

यातलं माझ्या घरी काय आहे हे बघायला बसले तर चहा आणि झोप एवढंच उरलं.

निवृत्त गुरुजी
चहाचं तरी खात्रीने सांगता येतं का? सासूबाई असतात ना?

केळफूल
गुरुजी, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सासूबाई पहाटे साडेपाचला ओट्यापाशी असतात. आणि त्यांना ओट्यापाशी दुसरं कुणी चालत नाही. मीसुद्धा. त्यांना अजून मी हे सगळं नीट विचारलेलंच नाही, नुसतं कानावर घातलंय.

खवचट
म्हणजे सगळं ठरलंय, फक्त ज्यांना राहायचंय आणि ज्यांच्याबरोबर राहायचंय त्यांना विचारायचं राहिलंय.

ओटी भरलेली
मी तीच सासू. म्हणजे तुमची नाही, पण तशीच. माझ्या सुनेचे वडील चार वर्षं आमच्याकडे होते.

खरं सांगू? आधी मला राग आला होता. सुनेने मला विचारलं नाही, मुलाकरवी कळवलं. व्याही आले तेव्हा मी माझ्याच घरात डोक्यावरचा पदर सावरत फिरायला लागले. ते बिचारे मी हॉलमध्ये असले की खोलीबाहेर येत नसत. दोन महिने आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो. एक टीव्ही, त्यालाही दोघं हात लावत नव्हतो.

मग सुनेने एक केलं. त्यांच्या खोलीत लहान टेबलावर चहाची विजेची किटली ठेवून दिली. त्यांचा पहाटेचा चहा तिथे, माझा ओट्यावर. एक दिवस माझं दूध नासलं, तर ते कपभर चहा घेऊन दारात उभे. तिथून बोलणं सुरू झालं. सासूबाईंना तू स्वतः विचार, नवऱ्याला पुढे करू नकोस. आणि विचारताना "बाबा येणार आहेत" म्हणू नकोस, "आणायचा विचार आहे, तुम्हाला अवघड होईल का" असं म्हण. अवघड होणारच आहे, पण विचारलं म्हणजे सोसवतं.

केळफूल
मावशी, रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना पोह्यात नारळ लागत असेल ना? कोकणातले." हे हो आहे की नाही, मला कळलेलं नाही.

जास्वंद
हो आहे. नारळाचं बजेट चाललंय.

ठाम मत
मला तरी ते नाही वाटतंय.

शमा_वि
पत्राबद्दल बाकीच्यांनी लिहिलंय. मी रात्रीबद्दल लिहिते. मी बावीस वर्षं रुग्णालयात परिचारिका आहे, पण उदाहरण घरचं देते.

माझ्या मामांना आम्ही इचलकरंजीहून आणलं. दिवसा एकदम ठीक. तिसऱ्या रात्री धडाम आवाज आला. मामा कपाटावर आपटले होते, कपाळाला खोक. काय झालं विचारलं तर म्हणाले, दार कुणी हलवलं? त्यांच्या घरी खाटेच्या उजव्या हाताने उतरायचं आणि चार पावलं सरळ गेलं की मोरीचं दार. चाळीस वर्षं झोपेतच जायचे, डोळे उघडायची गरजच नव्हती. आमच्याकडे उजव्या हाताला भिंत होती आणि चार पावलांवर कपाट.

दुसऱ्या दिवशी पलंग फिरवला. उतरायची बाजू आणि दाराची दिशा त्यांच्या घरासारखी केली. खोलीपासून संडासापर्यंत झिरोचा दिवा रात्रभर. वाटेतलं पायपुसणं काढून टाकलं. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी बसवली. भांड्याशेजारी धरायला दांडा, तो मात्र भिंतीत नीट ठोकून घ्या. चिकटवायचे मिळतात ते भरवशाचे नाहीत.

पहिले आठ-दहा दिवस रात्री उठून "आपण कुठं आहोत" असं विचारतील कदाचित. दिवा लावून शांतपणे सांगायचं, घाबरायचं नाही. पण दिवसाही गोंधळायला लागले, माणसं ओळखेनात, असंबद्ध बोलू लागले आणि हे एक-दोन दिवसांत अचानक झालं, तर नव्या जागेमुळे असेल म्हणून थांबू नका. लगेच दाखवा. पुष्कळदा लघवीचा जंतुसंसर्ग निघतो, आणि म्हाताऱ्या माणसांत ताप येतोच असं नाही.

केळफूल
शमाताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. भावाला फोन करून विचारलं, बाबा कुठल्या बाजूने उतरतात? तो म्हणाला, डावीकडून, कारण उजवीकडे आई झोपायची.

मंजिरी_पी
:(

रिकामटेकडा
पैशांचं कुणीच बोलत नाहीये. पेन्शनर माणूस आहे, फुकट राहणार नाही. माझे सासरे महिन्याच्या एक तारखेला टेबलावर पाच हजार ठेवायचे, बायको परत त्यांच्या खिशात ठेवायची, असा खेळ वर्षभर चालला. शेवटी ते रुसून गेले.

जास्वंद
घ्यावेत ना मग. दूध, भाजी, पेपर यांचं बिल त्यांच्याकडे. मान राहतो.

रिकामटेकडा
मला नाही पटत. बापाकडून भाजीचे पैसे घ्यायचे? माझं म्हणणं होतं की खेळ चालू द्यायचा, फक्त रोज हसत हसत.

ठाम मत
इथे पहिल्यांदा रिकामटेकड्याशी सहमत.

सातबारा
पेन्शनवरून आठवलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल. हल्ली फोनवर चेहरा दाखवूनही होतं, पण जिल्हा परिषदेच्या पेन्शनला तिथे काय चालतं ते आधी पंचायत समितीत विचारून घ्या. नाहीतर डिसेंबरात पेन्शन थांबली की वडील म्हणतील, बघ, पुण्याला आलो आणि सरकारदरबारी मेलो.

पाटावरची
मी देवगडची. सगळे ‘कायमचे’ या शब्दाला कसे काय सोडून देताय? कोकणातला माणूस कायमचा निघत नाही. गणपती घरात येणार, त्याला घर उघडं हवं. शिमग्यात पालखी दारात येणार, ओटी कोण भरणार? आगोटीच्या आधी कौलं परतून घ्यायची. आणि मातीच्या भिंतींचं घर चार पावसाळे बंद राहिलं तर वाळवी वासे खाते, मग उघडायला काही उरत नाही. शिवाय पहिलं वर्ष आहे, आईचं वर्षश्राद्ध त्याच घरात व्हायला हवं असेल त्यांना. तुझ्या पत्रात यातलं एक अक्षर नाही. पुण्याला राहून विसरलीस का?

केळफूल
विसरले नाही. लिहायचं टाळलं. हे सगळं लिहिलं तर त्यांच्या न येण्याची कारणं मीच त्यांना पुरवते, असं वाटलं.

पाटावरची
त्यांना पाठ आहेत ती. तू लिहिलीस तर त्यांना कळेल की तुलाही आहेत.

खवचट
ह्या वाक्याला आपलं एक +१. आज खवचटपणा नाही.

केळफूल
गेले चार दिवस परत लिहीत होते. मधे मुलीशीही बोलले. ती खूश नाहीये. तिची खोली, तिचा दरवाजा. "आजोबा आवडतात पण खोली माझी आहे" म्हणाली. शेवटी ठरलं ते असं, की टेबल आणि पुस्तकं तिथेच राहतील, संध्याकाळी सहा ते नऊ खोली तिची. हे किती दिवस चालेल माहीत नाही. दादाशीही बोलले. त्याचं म्हणणं, लोक मलाच नावं ठेवतील. ते मिटलेलं नाही, पण तोही वेगळं पत्र लिहिणार आहे.

हे नवं:

*तीर्थरूप बाबांस,*
*साष्टांग नमस्कार वि. वि.*
*दुधाचं जळलेलं पातेलं मी पाहिलं. माझ्याकडूनही गेल्या महिन्यात दोनदा जळलं, पण मला ओरडायला घरात माणसं आहेत. तुम्हाला नाहीत, एवढाच फरक.*
*एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत आमच्याकडे राहायला याल का? माघात आईचं वर्षश्राद्ध आपल्या घरीच करू, त्याआधी मी तुम्हाला सोडायला येईन आणि करून मगच परत येईन. पुढे शिमगा, आंबा, आगोट, गणपती. तेव्हा तुम्हाला तिथेच असायला हवं हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात पुन्हा यायचं का, ते तुम्ही तेव्हा ठरवा.*
*घर आहे तसंच राहील. किल्ली तुमच्याकडे. काकू सांजेला देवापाशी दिवा लावेल, मी तिला विचारलं आहे.*
*इथे खोली लहान आहे. संध्याकाळी सहा ते नऊ नात तिथे अभ्यास करते. पलंग असा लावला आहे की तुम्हाला डाव्या हाताने उतरता येईल. पहाटेच्या चहाला खोलीत किटली ठेवली आहे. सकाळचं दूध सध्या मी आणते, चौकातून, चालत सात मिनिटं, आणि मला रोज उशीर होतो. वाचनालय चौकाच्या पुढे आहे, पेपर येतात, मित्र तुम्हाला शोधावे लागतील.*
*नाही आवडलं तर आठव्या दिवशी सांगा, नवव्या दिवशी एसटीत बसवून देईन. अर्धं तिकीटच आहे तुम्हाला.*
*आशिर्वाद असावा.*

खाली नवऱ्याच्या दोन ओळी: *"बाबा, या. बुद्धिबळाला घरात कोणी नाही. मी हरतो पण खेळतो."*

जास्वंद
हरतो पण खेळतो! जावई पास.

निवृत्त गुरुजी
आताही प्रश्नचिन्ह एकच आहे, पण ते खरं आहे. शुद्ध आहे. पाठवा.

रिकामटेकडा
मला पहिलंच आवडलं होतं. हे जरा भाडेकरारासारखं झालंय. सहा ते नऊ, आठवा दिवस, नववा दिवस. बापलेकीत इतका हिशोब?

शमा_वि
@रिकामटेकडा, हिशोब आता कागदावर आहे. नाहीतर तो रोज रात्री जेवताना मनात होतो.

रिकामटेकडा
असेल. माझं मत राखून ठेवतो.

खवचट
रजिस्टर करून पाठवा, पोचपावती मिळेल.

सातबारा
रजिस्टर टपाल सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि मुलीने बापाला पोचपावतीचं पत्र पाठवलं तर तो आधी वकील गाठेल. साधं पाकीट, साधं तिकीट.

केळफूल
आज टाकलं.

केळफूल
धागा वर आणतेय. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर, कडेपर्यंत भरलेलं. जसंच्या तसं देते.

*"चि. बाय हिस अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. तीर्थरूप बरोबर लिहिलेस. आशीर्वादातला शी दीर्घ असतो. हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात देतो, त्याआधी हलता येणार नाही. नंतर येईन. संक्रांतीपर्यंत. दूध मी आणेन. जावयांस सांगणे, मी सोंगट्या खेळतो, बुद्धिबळ येत नाही, शिकवावे लागेल. व्याहीणबाईंना माझ्यामुळे त्रास होणार नाही असे पाहा. पातेले नवे घेतले आहे. यंदा सुपारी लवकर धरली आहे. मी नसताना ती वाळवणार कोण, तेव्हा एक पोते सोबत आणावे लागेल. तुमच्या गच्चीत ऊन किती वाजेपर्यंत असते ते कळव."*

निवृत्त गुरुजी
‘आशिर्वाद’ माझ्या नजरेतून सुटला. आणि वर मी "शुद्ध आहे" असं लिहून गेलो. मान खाली घालून बसलो आहे.

ओटी भरलेली
सासूबाईंना वाचून दाखवलंस का?

केळफूल
मावशी, हो. म्हणाल्या, "व्याहीणबाई कशाला, नावाने हाक मारा म्हणावं." आणि मग लगेच, "पोतं ठेवणार कुठं?"

पाटावरची
पोतं ठेवायचंच नसतं. आल्या दिवशी पसरायची. असोली असेल तर पस्तीस-चाळीस दिवस कडक ऊन धरून चाल. रोज संध्याकाळी गोळा करून झाकायची, दवात राहिली की बुरशी धरते. मधून मधून परतायची. वाळली की कानाशी धरून हलवून बघायची, आत खुळखुळली तर झाली.

केळफूल
बाल्कनी पश्चिमेची आहे, तिथे दुपारी दोननंतरच ऊन येतं. सोसायटीची गच्ची आहे, पण कुलपात. सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागेल, ‘वडिलांना सुपारी वाळवायची आहे’ असा.

खवचट
द्या, द्या. "आमची काही हरकत नाही" असं लिहून मिळेल.